शंभर दाणे अन् ओलं बारदान

प्रश्न: उगवणक्षमता

भाऊ, तुम्ही नुसता एक शब्द लिहिला, पीक सांगितलं नाही, म्हणून सोयाबीन धरून सांगतो. १०० पैकी ७० दाणे चांगले उगवले तर एकरी ३० किलो पेरा. ७० च्या खाली जितके टक्के कमी तितका अर्धा-अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६५ आले तर साडेबत्तीस, ६० आले तर ३५. ६० च्याही खाली गेलं तर ते बियाणं म्हणून पेरू नका, बाजारात नेऊन विका.

उगवणक्षमता काढायची अशी. बारदान पाण्यात बुडवून पिळून घ्या, त्यावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत थोडं थोडं अंतर ठेवून मांडा, वरून दुसरं ओलं बारदान टाका, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज थोडं पाणी शिंपडा, सातव्या दिवशी उघडून मोजा. असे तीन वेळा शंभर-शंभर दाणे घेतले तर आकडा पक्का येतो.

आता मी सोयाबीनच का धरलं, तर रोहिण्या सुरू झाल्यावर आमच्या इकडे वाशीम जिल्ह्यात कास्तकार उगवणक्षमता म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं घरात थप्पी लावलेलं सोयाबीनच असतं. माणूस एकच शब्द लिहितो कारण त्याला पुढं काय विचारावं तेच माहीत नसतं. हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो.

२०२० ची गोष्ट. त्या वर्षी सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात किती बोंब झाली ते आठवत असेल. माझ्या घरी जेएस ३३५ चं चार क्विंटल ठेवलेलं होतं, बायकोनं चाळून, खडे काढून भरून ठेवलेलं. पाच एकरात पेरायचं होतं. माझा मामेभाऊ कृषीचा पदवीधर, शहरात नोकरीला. मी त्याला मोबाईलवर तुमच्यासारखाच एक शब्द टाकला, 'उगवण?' त्याचं उत्तर आलं, "कोणतं पीक, कोणतं वाण, किती एकर, नक्की काय पायजे, नीट सवाल लिहा." मला राग आला अन् लाजही वाटली. परत काही लिहिलंच नाही.

मग आपल्या मनानं केलं. मटकी भिजवतो तसे पन्नासेक दाणे गंजात पाण्यात टाकले अन् रातभर ठेवले. सकाळी सगळे टम्म फुगलेले, पाणी पिवळट झालेलं, काहींचं टरफल सुटून वर तरंगत होतं. फडक्यात बांधून ठेवले तर तिसऱ्या दिवशी हाताला चिकट लागायले अन् आंबूस वास सुटला. मोड आले वीस-बावीसला. मी म्हटलं बियाणं गेलं. एक क्विंटल शेजारच्यानं मागितलं म्हणून त्याला दिलं, बाकीचं व्यापाऱ्याला पस्तीसशेच्या भावानं घातलं अन् कृषी केंद्रातून पाच बॅगा आणल्या. त्या मात्र तपासल्या नाहीत, कारण बॅगेवर छापलेलं होतं ना. उगवलं निम्म्याच्या आत, तासात हात-हात जागा मोकळी, दुबार पेरावं लागलं. अन् धुऱ्याच्या पलीकडं शेजाऱ्याच्या वावरात माझंच सोयाबीन तासाला तास भरून उभं होतं. ते पाहून दोन दिवस मी वावरात गेलो नाही.

चूक काय झाली ते नंतर कळलं. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. कोरडा दाणा एकदम पाण्यात टाकला की तो पाणी इतक्या जोरात ओढतो की आतलं नाजूक सगळं फाटतं, आतला रस पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी पिवळं. वरून बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही अन् तो सडतो. मटकीला चालतं ते सोयाबीनला चालत नाही. म्हणून बारदान पिळून घ्या म्हटलं, ओलं पायजे पण निथळायला नको. पेरणी झाल्या झाल्या जोराचा पाऊस आला तर बी का सडतं, त्यातही हेच कारण असतं.

दुसरी गोष्ट मोजायची. मोड दिसला की एक, असं मोजू नका. मूळ लांब अन् सरळ, वरची दांडी धड, दोन्ही डाळी शाबूत, असा कोंब असला तरच चांगला. मूळ आखूड, टोक काळं, डाळ तुटलेली किंवा नुसता फुगून बुरशी धरलेला दाणा, हे सगळे बाद. मळणीत ड्रम जोरात फिरवला किंवा पोती उंचावरून आपटली तर दाणा वरून धड दिसतो अन् मूळ तुटकं येतं. अन् दाणे निवडून घेऊ नका, टपोरे टपोरे घेतले तर आकडा खोटाच येणार. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, खालून मूठ-मूठ काढा, एकत्र करा, त्यातले जसे येतील तसे शंभर मोजा.

मी आता दरवर्षी करतो. मागच्या खेपेला तीन गुंडाळ्यात ६८, ६४ अन् ६६ आले. सरासरी ६६, म्हणजे सत्तरला चार कमी, चार अर्धे दोन किलो, एकरी ३२ अन् पाच एकराला १६० किलो. नीट हिशोबानं ३० गुणिले ७० भागिले ६६ केलं तरी ३१.८ येतं, तेच ते.

मामेभावाशी माझा वाद अजून मिटला नाही. त्याचं म्हणणं, पूर्ण माहिती नसताना आकडा सांगणं म्हणजे माणसाला खड्ड्यात घालणं. माझं म्हणणं, दादा, तू सोयाबीन धरून चार ओळी टाकल्या असत्या तर मी तुलेच विचारलं असतं का पाण्यात भिजवू का बारदानात. चुकीचं पीक धरलं असतं तर मी म्हटलं असतं, नाही गा, माहं हे हाय. अर्धवट सवालाले अंदाज सांगून उत्तर द्यावं अन् अंदाज काय धरला तेही सांगावं, यात कोणाचं काय जातं? त्याच्या चार सवालांनी माझं पूर्ण साल गेलं.

तुमचं पीक दुसरं असलं तर बारदानाची रीत तीच, पण दिवस अन् सत्तरचा आकडा बदलतो. प्रमाणित बियाण्याला तुरीत किमान ७५ लागतात, हरभऱ्यात ८५. अन् बारदानातले ७० म्हणजे वावरातले ७० नाहीत हेही राहिलं सांगायचं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन खोल ओली होऊ द्या अन् बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर चांगलं बियाणंही वर येत नाही. विकतच्या बॅगेतलेही शंभर दाणे तपासा, अन् बॅग, टॅग अन् पावती जपून ठेवा, तक्रार करायची झाली तर तेच लागतं.

आज गुंडाळी करा. आठवड्यानं नुसता आकडा लिहा, बाकी काही लिहायची गरज नाही, किलो मी सांगतो.