नफा वाढतोय, पण पैसा येतोय का? येणी, कॅश फ्लो आणि अ‍ॅक्रुअल कसे तपासायचे

प्रश्न: "एका लिस्टेड कंपनीचा नफा तीन वर्षं झपाट्याने वाढतोय. आकडे फुगवलेले आहेत का, हे वार्षिक अहवालावरून कसं ओळखायचं? मी अकाउंटंट नाही, पण ताळेबंद वाचता येतो."

ताळेबंद वाचता येत असेल तर पहिली चाळणी तुम्ही तासाभरात लावू शकता. माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला की विक्री नफ्यात धरली जाते, पैसे नंतर येतात. त्यामुळे विक्री खोटी असो किंवा पुढच्या वर्षातली ओढून आणलेली असो, तिचे पैसे येत नाहीत आणि ती रक्कम ताळेबंदात 'ट्रेड रिसीव्हेबल्स' म्हणजे येणी म्हणून साचत जाते. शोध तिथूनच सुरू करायचा.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, सगळे कोटींत. विक्री तीन वर्षांत ४००, ४८०, ६००. मार्चअखेरची येणी ८०, ११०, २०५. करोत्तर नफा ३२, ४२, ६०. कॅश फ्लो पत्रकातला व्यवसायातून आलेला रोख पैसा ३०, १८, ४.

```
येण्यांचे दिवस = येणी ÷ विक्री × ३६५
```

उत्तर येतं ७३, ८४, १२५ दिवस. येण्यांत जीएसटी असतो आणि विक्रीत नसतो, म्हणून दिवस मुळातच थोडे जास्त दिसतात (१८ टक्के जीएसटी धरला तर ७३ चे खरे ६२ होतात). पण ही चूक दरवर्षी सारखीच असल्यामुळे कल बिघडत नाही, आणि आपल्याला कलच हवा आहे. दिवस ७३ वरच राहिले असते तर तिसऱ्या वर्षाची येणी १२० असायला हवी होती, ती २०५ आहेत. जादा ८५ कोटी, आणि त्या वर्षाचा नफा ६०.

आता हाच पैसा कॅश फ्लोमध्ये शोधा. नफा ६०, त्यात घसारा १४ आणि व्याजखर्च १२ परत मिळवले, येणी वाढली म्हणून ९५ वजा केले, पुरवठादारांची देणी वाढली म्हणून १३ मिळवले. उरले ४. तीन वर्षं मिळून नफा १३४ आणि रोख ५२, म्हणजे रुपयाला ३९ पैसे. एका वर्षाच्या आकड्यावरून मी कधीच निष्कर्ष काढत नाही. ३१ मार्चचं मोठं बिल २ एप्रिलला वसूल झालं तरी वर्षाचं चित्र पालटतं. पण पाच वर्षांची बेरीज अशी चुकवता येत नाही. साध्या कारखानदारी कंपनीत ती ७०-८० पैशांच्या खाली असेल तर मला कारण हवं असतं.

तिसरा आकडा अ‍ॅक्रुअलचा, म्हणजे नफ्यात धरलेल्या पण रोखीत न आलेल्या रकमेचा: नफ्यातून रोख वजा करा आणि सरासरी एकूण मालमत्तेने भागा. समजा मालमत्ता ५०० वरून ६२० झाली, सरासरी ५६०. (६० − ४) ÷ ५६० म्हणजे १० टक्के. घसारा हा रोख न जाणारा खर्च असल्यामुळे निरोगी कंपनीत हा आकडा बहुधा शून्याखाली असतो. इथे तो शून्याच्या वर १० टक्के आहे, म्हणजे नफ्याचा मोठा भाग अजून कागदावर आहे. नफा फुगवणाऱ्या कंपन्या ओळखण्यासाठी संशोधक बेनिश यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या एम-स्कोअरमध्येही सर्वांत मोठा गुणक याच घटकाला आहे, ४.६७९. तो स्कोअर वापरायला हरकत नाही, पण त्यात विक्रीवाढीलाही गुण मिळतात, म्हणून वेगाने वाढणारी प्रामाणिक कंपनीही अडकते.

इथपर्यंत फक्त संशय आहे. खरं काम टिपांमध्ये, म्हणजे नोट्समध्ये. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ नुसार येण्यांचं वय द्यावं लागतं: सहा महिन्यांपर्यंत, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनपेक्षा जास्त. जुन्या रकान्यांत रक्कम साचतेय आणि बुडीत येण्यांची तरतूद मात्र वाढत नाहीये, तर नफा तेवढ्यापुरता फुगलेला आहे. मात्र हे वय देय तारखेपासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. कंपनीने डीलरांना ६० ऐवजी १५० दिवसांची उधारी दिली तर सगळी येणी 'मुदत न संपलेली' म्हणून ताजी दिसतात. म्हणून वयाचा तक्ता स्वच्छ आणि दिवस मात्र वाढलेले, हे मला जास्त खटकतं. डीलरांच्या गोदामात माल कोंबण्याची ही नेहमीची खूण आहे.

ते पडताळायला शेवटची तिमाही वेगळी काढा. आपल्या कंपनीची जानेवारी-मार्चची विक्री २१० असेल, तर २०५ ÷ २१० × ९० म्हणजे ८८ दिवस. जवळजवळ अख्ख्या तिमाहीची विक्री वसूल व्हायची आहे. पुढच्या एप्रिल-जूनमध्ये विक्री एकदम खचली किंवा मालपरती वाढली तर संशय पक्का होत जातो. सप्टेंबरअखेरचा सहामाही ताळेबंदही पाहा. तोपर्यंत पैसे आले असतील तर गोष्ट निवळते.

उलट बाजूही सांभाळा, कारण येणी लपवताही येतात. बिल न केलेली विक्री 'काँट्रॅक्ट अ‍ॅसेट्स' किंवा 'अनबिल्ड रेव्हेन्यू' म्हणून वेगळ्या ओळीत बसते. ती येण्यांत मिळवूनच दिवस काढा. दुसरं, बिलं बँकेकडे डिस्काउंट केली, म्हणजे मुदतीआधीच त्यांचे पैसे बँकेकडून उचलले, आणि ती ताळेबंदातून काढून टाकली, की येणी घटतात आणि रोख प्रवाह सुधारतो, जणू वसुली झाली. आकस्मिक देण्यांच्या टिपेत डिस्काउंट केलेली बिलं दिसतात का ते बघा, आणि कर्ज न वाढता व्याजखर्च का वाढला हे विचारा.

काही ठिकाणी ही चाळणी लागूच होत नाही. बँका आणि वित्तसंस्था पूर्णपणे बाजूला ठेवा. सरकारी कामं घेणाऱ्या ठेकेदार कंपन्यांची येणी नेहमीच लांबतात, तिथे तुलना त्याच कंपनीच्या जुन्या वर्षांशी आणि त्याच धंद्यातल्या इतरांशी करा. फेब्रुवारीत दुसरी कंपनी विकत घेतली असेल तर मार्चच्या ताळेबंदात तिची पूर्ण येणी येतात आणि विक्री मात्र महिन्याभराचीच. दिवस उगाच वाढलेले दिसतात.

आणि एक फसवणूक या तिन्ही आकड्यांतून सुटते: रोखच खोटी असेल तर. सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलं की पुस्तकातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. येण्यांतला फुगवटा त्या मानाने छोटा होता, २,६५१ पैकी ४९० कोटी. खोटी विक्री 'वसूल झाली' असं दाखवलं की दिवसही ठीक दिसतात आणि कॅश फ्लोही. त्याच पत्रात ३७६ कोटींचं, जमा धरलेलं पण अस्तित्वातच नसलेलं व्याजही आहे. म्हणून ताळेबंदात रोख मोठी असेल तर ठेवींवरचं व्याज भागिले सरासरी रोख आणि ठेवी असा दर काढा. तो त्या वर्षीच्या मुदत ठेवींच्या दरापेक्षा फारच कमी आहे का, आणि 'जमा झालेलं पण न मिळालेलं व्याज' दरवर्षी वाढत चाललंय का, हे दोन्ही पाहा. ज्या कंपनीकडे भरपूर रोख असूनही ती महागडं कर्ज काढते, तिची ही ओळ मी सगळ्यांत आधी उघडतो.