सूचना आली, पण परिच्छेदाचा फोटो आलाच नाही: अशा वेळी काय करायचं?

प्रश्न: ओळखीतून एक छोटं काम आलंय. वर्ड फाइलमध्ये एवढंच आहे: "खालील फोटोतील परिच्छेदाचा मराठीतून इंग्रजीत अनुवाद करा. साधारण १२० शब्द." खाली रिकामी चौकट. संध्याकाळपर्यंत द्यायचंय. फाइलच्या नावावरून कळतं की कुठल्यातरी अर्जाच्या नियमांबद्दल आहे. तोवर अंदाजाने मसुदा करून ठेवू का? की लगेच विचारू? विचारलं तर नवखी वाटेन अशी धास्ती आहे.

उत्तर:

मसुदा करू नका. मेहनत वाया जाईल हे कारण दुय्यम आहे. खरी अडचण फोटो आल्यावर सुरू होते. डोक्यात एक परिच्छेद आधीच तयार असला की अस्पष्ट फोटोतही डोळ्यांना तोच दिसायला लागतो. अर्जांच्या नियमांचा मजकूर तर इतका साचेबद्ध असतो की पहिली तीन वाक्यं तुमच्या अंदाजाशी जुळतील आणि चौथ्यातला फरक नजरेतून निसटेल. नेटवर तसाच मजकूर सापडला तरी त्यावर विसंबू नका. नियम दरवर्षी थोडे बदलतात, आणि लोक अनुवाद करून घेतात तो बऱ्याचदा त्या बदललेल्या ओळीसाठीच.

विचारायला हवंच, पण त्याआधी दहा मिनिटं फाइलमध्ये शोधा. रिकामी चौकट दिसते म्हणजे फोटो नाही, असं दर वेळी नसतं. वर्डमध्ये `File > Options > Advanced` इथे `Show picture placeholders` नावाचा पर्याय आहे. त्यावर खूण असेल तर प्रत्येक चित्राच्या जागी नुसती चौकट दिसते. खूण काढली की फोटो हजर. फोटोची नुसती पातळ पट्टी दिसत असेल, तर त्या ओळीचं अंतर `Exactly` वर ठेवलेलं असतं. ते `Single` केलं की पूर्ण चित्र उघडतं. चौकटीत लाल फुली आणि `The linked image cannot be displayed.` असं काही लिहिलेलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. पाठवणाऱ्याने फोटो फाइलमध्ये घातलेलाच नाही, फक्त स्वतःच्या संगणकावरच्या फोटोकडे बोट दाखवलंय. त्याच्या पडद्यावर फोटो व्यवस्थित दिसतो, म्हणून तो छातीठोकपणे म्हणतो, "मी तर पाठवलाय!" त्याच्या बाजूने ते खरंही असतं.

यांपैकी नेमकं काय झालंय ते पक्कं कळू शकतं. `.docx` ही मुळात झिप फाइल असते. तिची एक प्रत काढा, नावाचा शेवट `.zip` करा आणि उघडा. आत `word` फोल्डरमध्ये `media` असेल आणि त्यात `image1.jpeg` सारखी फाइल असेल, तर फोटो तुमच्याकडे पोहोचलाय, फक्त दिसत नाही. `media` नसेल, तर `word/_rels` मधली `document.xml.rels` ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून अशी ओळ शोधा:

```
Target="file:///D:\Photo\niyam.jpg" TargetMode="External"
```

फोटोच्या ओळीत `External` दिसलं की विषय संपला. फोटो पाठवणाऱ्याच्या संगणकावर आहे, तुमच्याकडे आलेलाच नाही. अशी ओळही नसेल, तर रिकामी चौकट खरोखरच रिकामी आहे, म्हणजे फोटो चिकटवायचा राहून गेला. कमांड चालवायची सवय असेल तर आत काय आहे ते एका ओळीत दिसतं:

```
unzip -l kaam.docx
```

आता विचारण्याबद्दल. "फोटो दिसत नाहीये" एवढंच कळवलं, तर बहुतेक वेळा तीच फाइल पुन्हा येते आणि तीच चौकट पुन्हा दिसते. काय झालंय ते सांगा, काय हवंय ते सांगा, आणि बाकीचे प्रश्नही त्याच निरोपात उरका. मी साधारण असं लिहीन:

> नमस्कार. फाइल मिळाली. सूचना दिसते, पण फोटो फाइलमध्ये आलेला नाही. तो तुमच्या संगणकावरच्या जागेशी नुसता जोडलेला आहे. कृपया मूळ फोटो वेगळा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. परिच्छेदाच्या वरची-खालची ओळ आणि दोन्ही कडा दिसू द्या. मजकूर टाइप केलेला असेल तर तोही चालेल. दोन गोष्टी सांगाल का? १२० शब्द मूळ मराठीचे की इंग्रजी अनुवादाची मर्यादा? आणि मजकुरात नावं असतील तर कागदपत्रांवर त्यांचं इंग्रजी स्पेलिंग काय आहे? फोटो मिळाल्यापासून दोन तासांत अनुवाद देते.

असा निरोप वाचून कोणी तुम्हाला नवखं म्हणणार नाही. 'डॉक्युमेंट म्हणून' हे आवर्जून लिहा, कारण चॅटवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक छापील मजकूर त्यातच मारला जातो. शेवटच्या वाक्यात वेळ फोटो मिळाल्यापासून मोजलीय तेही मुद्दाम. नाहीतर फोटो संध्याकाळी येतो आणि उशीर तुमच्या नावावर लागतो.

१२० शब्दांचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तुमच्या सूचनेत खरी संदिग्धता तिथेच आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'कार्यालयाबाहेरच्या फलकावर' हे दोन शब्द इंग्रजीत सहा-सात होतात. १२० शब्दांच्या मराठी परिच्छेदाचा अनुवाद त्याहून सहज बराच लांबतो. १२० ही अनुवादाची मर्यादा असेल, तर तुमच्याकडून अनुवाद नव्हे, थोडा संक्षेप मागितला जातोय. ते काम वेगळं आहे. काय गाळलं तर चालेल हे ठरवायचा अधिकार त्यांचा.

फोटो आला की थेट अनुवादाला बसू नका. आधी मराठी मजकूर जसाच्या तसा टाइप करून काढा. यात दोन जागी घात होतो. पहिली जागा अक्षरांची. अस्पष्ट छपाईत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एकमेकांसारखे दिसतात. अनुस्वार आणि रफार उडून जातात. आकड्यांत १ आणि ९ फसवतात. शब्द चुकला तर वाक्य अडखळतं आणि आपण सावध होतो. आकडा चुकला तर वाक्य सुरळीत वाहत राहतं. १९ तारीख असो की ११, वाक्याला काही फरक पडत नाही. म्हणून आकडे फोटो मोठा करून वेगळे तपासा, आणि शंका असेल तिथे पाठवणाऱ्यालाच विचारा. न वाचता येणाऱ्या जागी टाइप केलेल्या मजकुरात `[अवाच्य]` लिहा आणि अनुवादातही तिथे तशीच खूण ठेवा.

दुसरी जागा मला जास्त धोक्याची वाटते, ती म्हणजे फोटोची खालची कडा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. समजा परिच्छेदाची शेवटची दिसणारी ओळ अशी आहे:

> मुदतीनंतर आलेले अर्ज स्वीकारले जाणार

हे वाचून वाक्य पूर्ण वाटतं. बोलताना, मथळ्यांत आपण 'जाणार' वर वाक्य संपवतोच. पण पुढच्या ओळीत एकटा 'नाहीत' असेल आणि फोटो त्याच्या वरच कापला गेला असेल, तर तुमचा अनुवाद अगदी बिनचूक इंग्रजीत बरोबर उलटा नियम सांगेल. ओळखायचं कसं? आधी पूर्णविराम पाहा. परिच्छेदात इतर सर्व वाक्यांनंतर आहे आणि शेवटी नाही, तर पुढे काहीतरी होतं. मग ओळीची लांबी. परिच्छेदाची शेवटची ओळ बहुधा मध्येच कुठेतरी संपते. ती उजव्या समासाला नेमकी टेकत असेल तर शंका घ्या. आणि मजकुराचा हेतू. उशिरा आलेले अर्ज घेणारच असतील, तर मुदत सांगण्यात अर्थ काय? पण एवढ्यावरून 'नाहीत' स्वतःच्या मनाने लिहायचं नाही. हेतूवरून फक्त शंका घ्यावी, खात्री मूळ पानावरूनच करावी.

यासाठीही ती झिप उपयोगी पडते. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग बहुतेक वेळा फाइलमध्ये तसाच राहतो. `media` मधलं चित्र स्वतंत्र उघडलं की पूर्ण पान दिसू शकतं. फोटो निवडून `Reset Picture & Size` दिलं तरी तो भाग परत येतो. फाइल जतन करताना कापलेला भाग काढून टाकलेला असेल, तर मात्र तो गेला. एक पथ्य पाळा. कापलेल्या भागात कोणाचं नाव, पत्ता, सही असं काही असेल तर ते बहुधा जाणूनबुजून झाकलेलं असतं. तुटलेलं वाक्य पूर्ण करण्यापुरतंच तिकडे पाहा. आणि ते वाक्य अनुवादात घेण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा की परिच्छेद इथेच संपतो ना.

फोटोची वाट पाहताना हात रिकामे राहू देऊ नका. सूचनेत जेवढं आहे तेवढ्याची तयारी होते. अनुवादाची दिशा कळली आहे, लांबीचा अंदाज आहे, विषय नियमांचा असण्याची शक्यता आहे. नियमांच्या भाषेतले 'करावे', 'करता येईल', 'करणे बंधनकारक राहील' हे तीन प्रकार इंग्रजीत कसे वेगळे ठेवायचे ते ठरवून ठेवा. सक्ती, मुभा आणि शिफारस यांची सरमिसळ झाली की नियमच बदलतो. तारखा, आकडे कसे लिहायचे तेही ठरवा. पूर्ण वाक्यं मात्र लिहू नका. ती मग खोडवत नाहीत.

संध्याकाळपर्यंत फोटो आलाच नाही तर? मुदत संपण्याच्या तासभर आधी दुसरा छोटा निरोप टाका: मजकूर अजून मिळालेला नाही, तो आला की दोन तासांत काम होईल. अंदाजाचा मसुदा 'नमुना म्हणून' सोबत पाठवायचा मोह होईल. तो आवरा. घाईत असलेला माणूस 'नमुना' हा शब्द वाचत नाही, फाइल पुढे ढकलून मोकळा होतो, आणि मग कोणीतरी त्या मजकुरावर विसंबून अर्ज भरतो.

फोटो आला आणि काम झालं, तर अनुवादासोबत तुम्ही टाइप केलेला मराठी मजकूरही पाठवा. एखादा आकडा किंवा शब्द तुम्ही चुकीचा वाचला असेल, तर ज्याच्यासमोर मूळ पान आहे त्याला तो मराठीत लगेच दिसतो. इंग्रजीत तो शोधत बसावा लागतो.