पीसीआरचे प्राइमर : टीएम आणि जीसी बरोबर असूनही जोडी का फसते

प्रश्न : सांगलीत एम.एस्सी. करतो आहे. हळदीच्या कंदातील बुरशीच्या एका जनुकासाठी प्राइमर स्वतः डिझाइन करायचे आहेत. टीएम, जीसी, हेअरपिन आणि प्रॉडक्ट साइझ यांपैकी आधी काय पाहायचे? आणि सगळे आकडे बसले म्हणजे प्राइमर चांगलाच असतो का?

उत्तर :

आकडे बसले म्हणजे प्राइमर चांगला, असे नाही. मीही सांगलीतच प्रयोगशाळेत शिकवतो, आणि विद्यार्थी दाखवायला आणतात त्या जोड्यांमध्ये जीसी चुकलेली जोडी क्वचितच असते. चूक बहुधा प्राइमरच्या 3′ टोकाशी असते, कारण टॅक पॉलिमरेज नवा बेस जोडतो तो त्याच टोकाला. म्हणून माझा क्रम असा असतो : आधी प्रॉडक्टची लांबी, मग 3′ टोक आणि घडी, त्यानंतर दोन्ही प्राइमरच्या टीएमचा मेळ. जीसी मी शेवटी तपासतो. ते 40 ते 60 टक्क्यांत असले की पुरते.

प्रॉडक्टची लांबी त्याचे पुढे काय करायचे आहे त्यावर ठरते. रिअल-टाइम पीसीआरसाठी 70 ते 150 बेसजोड्यांचा तुकडा हवा. तुम्हाला जेलवर पट्टी पाहून तोच तुकडा सँगर सिक्वेन्सिंगला पाठवायचा असेल, असे धरतो. सिक्वेन्सिंगमध्ये प्राइमरलगतचे पहिले तीस-चाळीस बेस नीट वाचता येत नाहीत आणि सात-आठशेच्या पुढे वाचन ढासळू लागते, म्हणून 400 ते 600 ही लांबी सोयीची. दीड टक्का अॅगारोजवर 100 बेसजोड्यांच्या लॅडरशेजारी ही पट्टी स्पष्ट ओळखू येते, आणि प्राइमर-डायमर जेलच्या तळाशी असल्यामुळे तिच्याशी त्याची गल्लत होत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. पुढील क्रम मी केवळ समजावण्यासाठी रचला आहे, तो कोणत्याही बुरशीचा नाही. समजा, जनुकाच्या 201 ते 230 या स्थानांवर हे बेस आहेत :

```
5'-CAGGATCTTCGAGCATCCTGAAGTCTACAC-3'
```

पहिले वीस बेस उचलले की फॉरवर्ड प्राइमर `CAGGATCTTCGAGCATCCTG` मिळतो. त्यात जी आणि सी मिळून 11 आहेत, म्हणजे जीसी 55 टक्के. 2(A+T)+4(G+C) या ढोबळ सूत्राने टीएम 62 अंश येते. शेवटचा बेस जी आहे आणि शेवटच्या पाच बेसमध्ये जी-सी तीनच आहेत, त्यामुळे टोकाची पकड घट्ट आहे पण अतिघट्ट नाही. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक अट इथे पूर्ण होते, आणि तरीही हा प्राइमर मी मागवू देणार नाही. त्याचे तीन भाग करून पाहा :

```
5'-CAGGAT  CTTCGAGC  ATCCTG-3'
```

`CAGGAT` चा उलट-पूरक क्रम `ATCCTG` हाच आहे. त्यामुळे प्राइमरचे शेवटचे सहा बेस वळून सुरुवातीच्या सहा बेसशी जुळतात आणि मधल्या आठ बेसचा लूप होतो. हा हेअरपिन. पीसीआरच्या नेहमीच्या क्षारांत त्याचे स्वतःचे टीएम 50 अंशांच्या आसपास येते. अॅनिलिंग 55 ला केले तरी काही प्राइमर घडीतच राहतात, आणि तेवढा वेळ 3′ टोक टेम्पलेटला उपलब्ध नसते. पट्टी फिकी येते, मग आपण तापमान आणखी खाली आणतो, त्याने घडी अधिकच पक्की होते आणि जोडीला नको त्या पट्ट्याही येतात. हेअरपिन पाहताना मी म्हणूनच दोन गोष्टी विचारतो : 3′ टोक घडीत अडकले आहे का, आणि घडीचे टीएम अॅनिलिंगपेक्षा निदान दहा अंशांनी खाली आहे का. टोक मोकळे असेल आणि घडी तीस-पस्तीस अंशांना सुटत असेल, तर सॉफ्टवेअरने हेअरपिन दाखवला तरी तो प्राइमर चालतो.

असा प्राइमर 5′ बाजूने लांब करून सुधारत नाही. उलट, वाढवलेले बेस घडीच्या बाहेर लोंबतात, दुमडलेल्या 3′ टोकाला तेच टेम्पलेट म्हणून मिळतात आणि पॉलिमरेज प्राइमरवरच प्राइमर लांबवतो. तो रेणू मग कायमचा वाया जातो. खिडकी सरकवणे हाच उपाय. इथे दहा बेस पुढे सरकलो की `GAGCATCCTGAAGTCTACAC` मिळतो. त्याचा उलट-पूरक क्रम शेजारी लिहून ताडून पाहा : सलग तीन बेससुद्धा स्वतःशी जुळत नाहीत.

रिव्हर्स प्राइमरसाठी त्याच धाग्यावर 641 ते 660 या स्थानांवर `GTTGACCATCGTAAGGCTGC` आहे असे धरू. हा क्रम जसाच्या तसा मागवला तर दोन्ही प्राइमर एकाच दिशेला तोंड करतील आणि काहीच वाढणार नाही. मागवायचा तो त्याचा उलट-पूरक, म्हणजे `GCAGCCTTACGATGGTCAAC`.

ढोबळ सूत्राने फॉरवर्डचे टीएम 60 आणि रिव्हर्सचे 62 येते, म्हणजे फरक दोनच अंशांचा वाटतो. पण हे सूत्र केवळ अक्षरे मोजते. प्रत्यक्षात कोणत्या बेसशेजारी कोणता बेस आहे यावर धाग्यांची पकड अवलंबून असते, शिवाय मीठ, मॅग्नेशियम आणि प्राइमरची संहती यांचाही परिणाम होतो. शेजारी जोड्यांच्या पद्धतीने, म्हणजे `Primer3` ज्या पद्धतीने टीएम काढते त्या पद्धतीने, 50 मिलिमोलर मीठ, दीड मिलिमोलर मॅग्नेशियम आणि पाव मायक्रोमोलर प्राइमर धरून मी हिशेब केला. फॉरवर्ड सुमारे 57.5 वर आला आणि रिव्हर्स 61 च्या पुढे. खरा फरक जवळजवळ चार अंशांचा निघाला. माझ्या मते फरक दोनच्या आत ठेवावा, तीन ही शेवटची हद्द.

फरक मिटवताना 3′ टोकाला हात लावू नये, कारण ते आपण पारखून घेतलेले आहे. 5′ बाजूला टेम्पलेटमधला आधीचा एक बेस, म्हणजे 210 व्या स्थानावरचा सी, जोडला की पुरते. अंतिम जोडी अशी :

```
F  5'-CGAGCATCCTGAAGTCTACAC-3'
R  5'-GCAGCCTTACGATGGTCAAC-3'
```

फॉरवर्ड आता 21 बेसचा, जीसी 52 टक्के आणि टीएम सुमारे 60. एका सीने जवळजवळ तीन अंश वाढले, कारण सी-जी ही शेजारी जोडी सर्वांत घट्ट जोड्यांपैकी आहे. प्रॉडक्टची लांबी 660 − 210 + 1 = 451. दोन्ही टोकांची स्थाने धरायची असल्यामुळे तो एक मिळवावा लागतो. एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच अटींखाली काढलेली टीएमच एकमेकांशी ताडा. प्राइमरसोबत येणाऱ्या कागदावरचे टीएम वेगळ्या क्षारांसाठी काढलेले असू शकते.

आता डायमर. वरच्या जोडीत फॉरवर्डमधील `CATC` आणि रिव्हर्समधील `GATG` जुळतात. चारच बेस, तेही दोन्हींच्या 3′ टोकांपासून दूर, त्यामुळे मी ते सोडून देतो. जागेचा हा फरक किती मोठा असतो, हे तुमच्या प्रयोगशाळेत कदाचित आधीच असलेल्या दोन प्राइमरवर पाहता येईल. बुरशीच्या ITS भागासाठी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या संचातील ITS2 आणि ITS3 हे एकमेकांचे तंतोतंत उलट-पूरक आहेत :

```
ITS3  5'-GCATCGATGAAGAACGCAGC-3'
ITS2  5'-GCTGCGTTCTTCATCGATGC-3'
```

दोन्हींत `CATCGATG` हा आठ बेसचा, उलट-पूरक करूनही तोच राहणारा तुकडा आहे. म्हणजे ITS3 चे दोन रेणू एकमेकांना आठ बेसनी धरू शकतात, आणि ITS2 चेही. पण ITS3 मध्ये हा तुकडा 5′ बाजूला आहे. दोन्ही रेणूंची 3′ टोके बाहेर मोकळी लोंबतात आणि समोर टेम्पलेटच नसल्यामुळे पॉलिमरेजला तिथे काही करता येत नाही. ITS2 मध्ये तोच तुकडा 3′ टोकाला भिडलेला आहे आणि समोर अकरा बेसचे टेम्पलेट आहे. तिथे रोखणारी गोष्ट एकच : अगदी शेवटचा सी समोरच्या टीशी जुळत नाही, आणि न जुळलेल्या टोकावरून टॅक सहज पुढे जात नाही. म्हणून सॉफ्टवेअरने ‘आठ बेसचा सेल्फ-डायमर’ असा इशारा दिला की आकड्यावर थांबू नका, चित्र उघडून शेवटचे बेस कोणासमोर आहेत ते पाहा. आपण नवा प्राइमर रचताना मात्र ITS2 सारखी जोखीम घेण्याचे कारण नाही. अगदी टोकाचे शेवटचे तीन बेस जुळले तरी मी खिडकी सरकवतो.

तुमच्या बाबतीत एक अडचण खास आहे. कंदातून काढलेल्या डीएनएत बुरशीपेक्षा हळदीचाच डीएनए कितीतरी जास्त असतो, आणि ITS1-ITS4 ही प्रचलित जोडी वनस्पतींचा ITS भागही वाढवते. तेव्हा `Primer-BLAST` मध्ये केवळ बुरशीचा गट निवडून समाधान मानू नका. `Curcuma longa` हे नाव घालून वेगळा शोध घ्या. शक्य असेल तर हळदीशी न जुळणारा बेस प्राइमरच्या नेमक्या 3′ टोकाला येईल अशी जागा निवडा. मधल्या एखाद्या बेसच्या फरकाने हळद अडत नाही. रोगकारक पिथियम असेल तर तो खऱ्या बुरशींत मोडत नाही, तो ऊमायसीट आहे, त्यामुळे डेटाबेसमध्ये फक्त ‘फंगाय’ निवडले तर तो शोधात येणारच नाही.

प्राइमर आल्यावर पहिली पीसीआर 54 ते 62 अंशांच्या ग्रेडियंटवर लावा. 451 बेसजोड्यांसाठी 72 अंशांना अर्धा मिनिट विस्तार पुरतो. सोबत तीन नळ्या हव्यातच : शुद्ध कल्चरचा डीएनए, निरोगी हळदीचा डीएनए, आणि डीएनएऐवजी नुसते पाणी. पाण्याच्या नळीत शंभरच्या खाली धूसर पट्टी दिसली तर तो प्राइमर-डायमर, त्यावर प्राइमरची संहती अर्धी करून पाहावे. पाण्यात 451 चीच पट्टी आली तर दोष रचनेचा नाही, कुठेतरी डीएनए मिसळला आहे. निरोगी हळदीत पट्टी आली आणि तापमान 62 पर्यंत नेऊनही ती गेली नाही, तर मॅग्नेशियम आणि सायकल कमी-जास्त करण्यात दिवस घालवू नका, 3′ टोकाची जागा बदलून नवा प्राइमर मागवा. आणि तिन्ही नळ्या रिकाम्या पण कल्चरचा डीएनए ITS1-ITS4 ने नीट वाढतो, असे झाले तर मागवलेला रिव्हर्स खरोखर उलट-पूरक आहे ना, हे सर्वांत आधी तपासा.