फ्रीझरने ट्रिकिनेला मरतोच असं नाही

प्रश्न: डीप फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवलेलं मांस थोडं कच्चं राहिलं तरी ट्रिकिनेला होत नाही, हे खरं का? आणि झालाच तर अंग दुखायला किती दिवसांनी लागतं?

खरं नाही. ट्रिकिनेला हा कच्च्या मांसातून माणसात येणारा बारीक कृमी. हेच वाक्य माझ्या साडूंनी मला जेवताना ऐकवलं होतं, आणि पशुवैद्यकाची पदवी घेतलेला मी गप्प बसलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही कॅनडात, सॅस्कॅचेवान प्रांतात राहतो. साडूंच्या शेजाऱ्याने वसंतात परवाना काढून काळ्या अस्वलाची शिकार केली आणि चार-पाच किलो मांस यांना दिलं. ते गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार महिने पडून होतं. मी म्हटलं, भाऊ, कुकर लावू, आपल्या मटणासारखं रटरटून शिजवू. त्यांना ग्रिलच करायचं होतं. तुकडे जाड होते आणि अस्वलाचं मांस मुळातच काळपट लाल असतं, त्यामुळे आत कच्चं आहे की शिजलंय हे रंगावरून कळत नाही. दाताखाली मधला भाग मऊ, ओलसर लागला. अजून दहा मिनिटं ठेवा, असं मी म्हणालोही. त्यावर, "अरे, चार महिने बर्फात होतं, काय जिवंत राहणार त्यात? तू गुरांचा डॉक्टर, माणसांना घाबरवू नकोस." थोरल्या साडूंशी भरल्या घरात वाद नको म्हणून मी ताटातलं संपवलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, एका दिवसात थांबलं. पोटातल्या आम्लाने मांसातले अळ्यांचे कोश विरघळतात, अळ्या सुटतात आणि लहान आतड्याच्या अस्तरात शिरून दोन-एक दिवसांत प्रौढ होतात. तेव्हाची ती कुरबुर. त्यावरून कोणी ट्रिकिनेला ओळखू शकत नाही, मीही ओळखला नाही. पुढे साधारण आठवड्याभरात माद्या थेट अळ्याच सोडू लागतात, अंडी घालत नाहीत. त्या अळ्या लसिकेतून आणि रक्तातून अंगभर फिरतात आणि स्नायूंत शिरतात.

सोळाव्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर दोन्ही पापण्या सुजलेल्या. ताप १०२. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. पण मला खरी शंका आली ती जेवताना. पोळी चावताना जबडा दुखला आणि मान न वळवता नुसते डोळे फिरवले तरी आत कळ आली. फ्लूमध्ये अंग सगळं सारखं ठणकतं. ट्रिकिनेलाच्या अळ्या मात्र सतत काम करणाऱ्या, भरपूर रक्तपुरवठ्याच्या स्नायूंत जास्त शिरतात: जबडा, जीभ, डोळे हलवणारे स्नायू, श्वासपटल, पोटऱ्या. कॉलेजात डुकराच्या श्वासपटलाचे तुकडे दोन काचांमध्ये दाबून तपासायला शिकलो होतो, ते याचसाठी.

पहिल्या दवाखान्यात फ्लू म्हणून परत पाठवलं. त्यांना दोष देत नाही, कारण अस्वल खाल्ल्याचं मीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो, सगळं सांगितलं आणि दोन तपासण्या मागून घेतल्या. इओसिनोफिल, म्हणजे अंगात कृमी शिरले की रक्तात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २८ टक्के निघाले. सीके, म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, कितीतरी पट वर होतं. अँटिबॉडीची तपासणी मात्र निगेटिव्ह आली. इतक्या लवकर ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते आणि तिथेच अनेकांचं निदान हुकतं. तीन आठवड्यांनी पुन्हा केली तेव्हा पॉझिटिव्ह आली. तोपर्यंत न थांबता कृमींवरचं अल्बेंडाझोल आणि सूज उतरायला प्रेडनिसोलोन सुरू केलं होतं.

अल्बेंडाझोल आतड्यातल्या किड्यांवर चांगलं चालतं, स्नायूत बसलेल्या अळीवर फार कमी. अळी एकाच स्नायूपेशीत शिरते, तिला मारत नाही, तिचं रूपच बदलते. पेशीवरचे पट्टे जातात, भोवती कोलॅजनचं कवच आणि केशवाहिन्यांचं जाळं तयार होतं. अळी आत वेटोळं करून बसते आणि तीच पेशी तिला पोसते. असा कोश वर्षानुवर्षं राहतो, हळूहळू त्यात चुना साठतो. दुखतं ते प्रामुख्याने अळ्या शिरताना उठणाऱ्या सुजेमुळे. म्हणून कोश तसेच राहिले तरी दुखणं ओसरतं. मला तीन महिने लागले. हृदयाच्या स्नायूत कोश होत नाहीत, पण अळ्या तिथून जाताना सूज आणू शकतात, म्हणून माझा ईसीजी दोनदा काढला.

साडूंनी कडेचे करपलेले तुकडे खाल्ले होते, त्यांना काहीच झालं नाही. त्यामुळे "तुझं व्हायरल होतं" हे आजही चालू आहे. भाऊ, हे वाचत असाल तर ऐका. तुमच्या फ्रीझरमधलं उरलेलं पाकीट तपासायला दिलं तेव्हा पेप्सिन आणि आम्लात मांस विरघळवल्यावर खाली वेटोळ्या अळ्या मिळाल्या आणि त्या हलत होत्या.

फ्रीझरचा नियम आला तो पाळीव डुकराच्या मांसातल्या ट्रिकिनेला स्पायरॅलिसवरून. १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचं मांस उणे १५ अंशांवर २० दिवस ठेवलं की ती जात मरते. थंड प्रदेशातल्या अस्वलांत ट्रिकिनेला नेटिव्हा सापडते, ती गोठण्याला दाद देत नाही. २०२२ साली अमेरिकेत साउथ डकोटात एका कौटुंबिक मेळाव्यात हेच घडलं. मांस सॅस्कॅचेवानमधल्याच काळ्या अस्वलाचं, ४५ दिवस गोठवलेलं, आणि कबाब आधी कच्चे वाढले गेले. सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उरलेल्या मांसात ११० दिवसांनंतरही जिवंत अळ्या होत्या.

म्हणून थर्मामीटर घ्या, तुकड्याच्या मधोमध खुपसा आणि शिकारीचं मांस ७४ अंशांपर्यंत जाऊ द्या. कुकर त्याहून बराच वर जातो, आपल्या रश्श्याला हा प्रश्नच येत नाही. खारवून, वाळवून किंवा धुरी देऊन अळ्या मरतील असं धरू नका.

आता तुमच्यासाठी. अंगदुखी सहसा दोन ते चार आठवड्यांनी येते. दुखत असेल तर डॉक्टरांना काय आणि कधी खाल्लं ते आधी सांगा, इओसिनोफिल आणि सीके करून घ्या. छातीत धडधड किंवा धाप असेल तर थांबू नका. भारतात असाल तर हा आजार माणसांत फार क्वचित नोंदला गेलाय. उत्तराखंडात टिहरी गढवालमध्ये रानडुकराच्या मांसातून साथ आली होती, तेवढी मला माहीत आहे. आपल्याकडे कच्च्या डुकराच्या मांसातून फीतकृमी होण्याची शक्यता जास्त, ते वेगळं प्रकरण. आणि संशय आलेलं मांस कुत्र्याला घालू नका, अळ्या त्याच्याही स्नायूंत शिरतात.