बॅज स्कॅन केले, हाती आले नुसते आकडे

"पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच प्रदर्शनात स्टॉल लावतोय. आयोजक बॅज स्कॅनिंगच्या ॲपचे वेगळे पैसे मागतायत. साध्या फोननं लोकांच्या बॅजवरचे क्यूआर स्कॅन केले तर नाही का चालणार?"

हाच शहाणपणा आम्ही करून बसलोय, म्हणून लिहितो. आमचं भोसरीत हायड्रॉलिक फिटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ॲपचे पैसे वाचवले आणि फुकटच्या स्कॅनरनं तीन दिवसांत दोनशेच्या वर बॅज स्कॅन केले. घरी येऊन यादी उघडली तर ना नाव, ना मोबाइल, नुसते नोंदणी क्रमांक! माणसाची माहिती आयोजकांच्या सर्व्हरवर होती आणि ती त्यांच्या ॲपलाच मिळत होती. आयोजकांना मेल केले. आधी "टेक्निकल टीमला विचारतो", मग दीड महिन्यानं "डेटा देता येणार नाही". लोकांची माहिती अशी वाटू नये हे मान्य, पण स्टॉलचे पैसे घेताना हे सांगायला काय जात होतं? ५० सेटची चौकशी करून गेलेला चाकणचा खरेदीवाला त्या आकड्यांतच कुठेतरी अडकून राहिला.

तेव्हा तुमचा स्वतःचा बॅज हातात आला की आधी फोननं स्कॅन करून बघा. `BEGIN:VCARD` असं काही दिसलं आणि खाली नाव-नंबर असेल, तर साधा स्कॅनर पुरतो. नुसता आकडा आला तर मुकाट्यानं ॲप घ्या. प्रत्येक प्रदर्शनात पद्धत वेगळी असते, माझ्या भरवशावर राहू नका. ॲप किती फोनवर चालेल आणि हॉलमध्ये नेट गेलं तर स्कॅन साठून राहतात का, हेही विचारा.

पण स्कॅननं माणूस कळतो, काम कळत नाही. माणूस स्टॉलवरून हलायच्या आत ॲपमध्ये एक ओळ टाका: "एसएस ३१६, अर्धा इंच, ५० सेट, ड्रॉइंग तो पाठवणार." संध्याकाळी 'तीन चहा पाजलेले साहेब कोणते' हे कोणालाच आठवत नाही. रोज रात्री यादी उतरवून घ्या. ज्यांना कोटेशन हवंय त्यांना दुसऱ्याच दिवशी फोन, कॅटलॉगवाल्यांना आठवड्यात मेल. विद्यार्थी आणि स्वतःचाच माल विकायला आलेले बाजूला काढा.

यादीची CSV फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. ९१ लावलेले मोबाइल `9.19877E+11` असे दिसतात आणि तशीच सेव्ह केली की शेवटच्या आकड्यांचे शून्य होतात. डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवरही विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, आणि स्टॉलवर भेटलेल्यांपैकी कोण करतंय सेव्ह?