उतारावरचा चेंडू: आधी खांदे, मग क्लब

गोल्फमध्ये सरावाच्या रेंजवरच्या सपाट मॅटवर चांगला लागणारा फटका कोर्सवर का बिघडतो, असं तुम्ही विचारलंत. कारण पायाखालचा चढ-उतार. सुरुवातीला एकच सवय लावा: खांद्यांची रेघ जमिनीच्या उताराला समांतर ठेवा आणि क्लब त्याच उतारावरून फिरू द्या. (खालचं सगळं उजव्या हाताच्या खेळाडूसाठी.)

चढावर वजन उजव्या पायावर येतं, क्लबचा लॉफ्ट, म्हणजे त्याच्या तोंडाचा मागचा झुकाव, वाढतो, चेंडू उंच जातो आणि अलीकडेच पडतो. समजा, सपाटीवर १३० यार्डांना तुम्ही ८ आयर्न घेता; मध्यम चढावर ७ घ्या, चेंडू किंचित डाव्या पायाकडे ठेवा आणि सावकाश मारा. तो डावीकडे ओढला जातो, म्हणून निशाणा थोडा उजवीकडे.

खाली जाणारा उतार सर्वात अवघड. इथे नवखे चेंडू उचलायला मागे झुकतात, मग क्लब आधी जमिनीत घुसतो किंवा चेंडूच्या डोक्याला लागतो. वजन डाव्या पायावरच राहू द्या, चेंडू उजव्या पायाकडे घ्या. चेंडू कमी उंचीवरून जातो आणि पडल्यावर बराच घरंगळतो, म्हणून त्याच अंतराला ९ आयर्न पुरेल. लांब क्लब टाळाच.

आडव्या उताराचं थोडक्यात:

- चेंडू पायांपेक्षा वर: ग्रिप खाली धरा, निशाणा उजवीकडे.
- चेंडू पायांपेक्षा खाली: पाय रुंद, गुडघे जास्त वाकवा, फटका होईपर्यंत उठू नका, निशाणा डावीकडे.

प्रत्येक फटक्याआधी त्याच उतारावर, चेंडूपासून दूर, दोन सराव स्विंग घ्या. क्लब जिथे गवताला टेकतो, तिथेच चेंडू येईल असे उभे राहा.