17.9 की 43.8? निःसरणाच्या वेळेवरून अज्ञात वायूचे मोलार वस्तुमान काढताना

प्रश्न: नायट्रोजनला बारीक छिद्रातून बाहेर पडायला 48 सेकंद लागले आणि तेवढ्याच आकारमानाच्या अज्ञात वायूला 60 सेकंद. ग्रॅहमच्या सूत्रात आकडे घातले तर मला 17.9 मिळते, पुस्तकाच्या मागे 43.8 दिले आहे. माझे कुठे चुकले? आणि प्रत्यक्ष प्रयोगात असे उत्तर खरेच बरोबर येते का?

उत्तर:

तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे; वेगाच्या जागी वेळ धरली गेली, एवढेच चुकले. ग्रॅहमच्या नियमात r म्हणजे निःसरणाचा वेग, म्हणजे एका सेकंदात किती वायू बाहेर पडला ते. तुम्हाला मात्र दिलेली आहे वेळ. आकारमान सारखेच असेल तर वेग आणि वेळ एकमेकांच्या उलट चालतात, आणि म्हणून सूत्राचे रूप असे बदलते:

r₁/r₂ = √(M₂/M₁) = t₂/t₁

येथे 1 म्हणजे नायट्रोजन आणि 2 म्हणजे अज्ञात वायू धरला, तर t₂/t₁ = 60/48 = 1.25, त्याचा वर्ग 1.5625, आणि M₂ = 28 × 1.5625 = 43.75. तुम्ही 28 ला 1.5625 ने भागले आणि 17.9 मिळाले. ही चूक डोळ्यांत भरत नाही, कारण 17.9 हा आकडा अशक्य वाटत नाही. अमोनियाचे मोलार वस्तुमान 17 आहे, त्यामुळे विद्यार्थी बिनधास्त अमोनिया लिहून मोकळा होतो. म्हणून सूत्राला हात लावण्यापूर्वी एक वाक्य मनात म्हणावे: ज्याला जास्त वेळ लागला तो जड. तुमच्या उदाहरणात अज्ञात वायूला जास्त वेळ लागला आहे, तेव्हा उत्तर 28 पेक्षा मोठेच यायला हवे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला तो अधिक मोलाचा वाटतो. जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घेतले, आणि हा प्रयोग दरवर्षी मुलांकडून करून घेतला. उपकरण साधे असते. दोन खुणा केलेली काचेची उभी नळी पाण्याच्या उंच भांड्यात बुडवायची, नळीच्या वरच्या टोकाला धातूचा अगदी पातळ पत्रा चिकटवून त्याला बारीक सुईने छिद्र पाडायचे, नळीत वायू भरायचा आणि छिद्र उघडून पाण्याची पातळी खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत चढायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पाणी जसजसे चढते तसतसा दाब कमी होत जातो हे खरे, पण खुणा त्याच, छिद्र तेच आणि पाण्याची उंचीही तीच असल्यामुळे तो बदल दोन्ही वायूंना सारखाच लागू होतो आणि गुणोत्तरातून निघून जातो. छिद्राचे क्षेत्रफळ मोजावे लागत नाही, दाबही मोजावा लागत नाही. वेळेचे गुणोत्तर घेण्याचा हाच मोठा फायदा आहे.

वेळ मात्र जपून मोजावी लागते, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो आणि वेळेतली चूक उत्तरात दुप्पट होऊन उतरते. तुमच्याच आकड्यांत 60 ऐवजी 61 सेकंद धरले तर M₂ 45.2 येते आणि 59 धरले तर 42.3. घड्याळ एक सेकंद उशिरा थांबवले की उत्तर जवळजवळ दीडने सरकते. म्हणून आम्ही प्रत्येक वायूची वेळ पाच वेळा मोजून सरासरी घेत असू.

एका वर्षी हा प्रयोग लांबत लांबत एप्रिलच्या शेवटी आला. जस्त आणि विरल सल्फ्युरिक आम्ल यांपासून हायड्रोजन तयार करून मुलांनी तो नळीत भरला. हवेला 82.0 सेकंद लागले आणि हायड्रोजनला 27.7. हवेचे सरासरी मोलार वस्तुमान 29 धरून उत्तर आले 29 × (27.7/82.0)² = 3.3. हायड्रोजनचे मोलार वस्तुमान 2 आहे, आणि त्या हिशेबाने 21.5 सेकंद लागायला हवे होते. सहा सेकंदांचा फरक हा घड्याळ थांबवण्यातला फरक असू शकत नाही. मला वाटले हायड्रोजनमध्ये हवा मिसळली असावी. मी दोनदा उपकरण धुवून घेतले, रबरी नळ्या बदलल्या, पत्राही नवा लावला, पण आकडा जिथल्या तिथे राहिला. डिसेंबरात दुसऱ्या तुकडीने तेच उपकरण, तेच छिद्र वापरून प्रयोग केला तेव्हा उत्तर 2.4 आले, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की दोष उपकरणाचा नव्हता, तो भांड्यातल्या पाण्याचा होता.

खान्देशातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी प्रयोगशाळेतल्या पाण्याचे तापमान 40 अंशांपर्यंत जाते. त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब सुमारे 55 मिलिमीटर पारा इतका असतो आणि आपल्याकडचा हवेचा दाब साधारण 740 मिलिमीटर, म्हणजे पाण्यावर भरलेल्या कोणत्याही वायूत साडेसात टक्क्यांच्या आसपास पाण्याची वाफ असतेच. वाफेचे मोलार वस्तुमान 18. हवेत ती मिसळली तर हवा 29 वरून 28.2 वर येते, म्हणजे फारसे काही बिघडत नाही. परंतु 2 मोलार वस्तुमानाच्या हायड्रोजनमध्ये तेवढीच वाफ मिसळली की मिश्रणाचे सरासरी वस्तुमान 3.2 होते, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. नळीतून बाहेर पडत होता तो हायड्रोजन नव्हता, ओला हायड्रोजन होता, आणि छिद्राने त्याचे वस्तुमान प्रामाणिकपणे दाखवले होते.

दुरुस्ती अवघड नाही. आधी ओल्या वायूचे वस्तुमान ओल्या हवेच्या आधारे काढायचे: 28.2 × (27.7/82.0)² = 3.22. त्यातून वाफेचा वाटा वजा करायचा, म्हणजे 18 × 0.075 = 1.35, उरले 1.87. हे कोरड्या भागाचे, आणि कोरडा भाग 92.5 टक्के आहे, म्हणून 1.87 ला 0.925 ने भागायचे. उत्तर 2.02. एप्रिलमधले जे आकडे मी चुकीचे म्हणून बाजूला ठेवले होते, तेच हिवाळ्यातल्या न दुरुस्त केलेल्या आकड्यापेक्षा अचूक निघाले. हिवाळ्यात पाणी 20 अंशांवर होते आणि वाफ अडीच टक्क्यांच्या आत होती, म्हणून तेव्हा फरक लहान दिसला; तो नाहीसा झाला नव्हता. तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर वायूच्या वेळेशेजारी पाण्याचे तापमान नोंदवायला विसरू नका. आणि कार्बन डायऑक्साइड घेणार असाल तर साध्या पाण्यावर घेऊ नका, कारण तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे पातळी छिद्राच्या हिशेबापेक्षा लवकर चढते आणि वस्तुमान कमी येते. मिठाचे संपृक्त द्रावण वापरल्यास हा त्रास बराच कमी होतो.

छिद्राबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण दुसरी मोठी चूक तिथे होते. पुस्तकात लिहिलेले असते की रेणू एकेक करून छिद्रातून निसटतात. तसे होण्यासाठी छिद्र रेणूच्या दोन टकरींमधल्या अंतरापेक्षा लहान हवे, आणि नेहमीच्या दाबाला हवेत ते अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. सुईने पाडलेले छिद्र त्याच्या हजारपटीने मोठे. तेव्हा आपल्या नळीतून वायू एकेका रेणूने जात नाही, तो झोताने बाहेर पडतो. तरीही नियम टिकतो, कारण सारख्या दाबाखाली पातळ पत्र्यातल्या छिद्रातून निघणाऱ्या झोताचा वेगही घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि सारख्या दाबाला व तापमानाला घनता मोलार वस्तुमानाच्या प्रमाणात असते. सूत्र तेच राहते, कारण मात्र वेगळे आहे.

यातली अट आहे ती पातळ पत्र्याची. पत्र्याऐवजी काचेच्या बारीक केशनलिकेतून वायू सोडला तर वेळ ठरते ती वायूच्या श्यानतेवर, घनतेवर नव्हे. थॉमस ग्रॅहम यांनी 1846 मध्येच या दोन गती वेगळ्या ओळखल्या होत्या. हायड्रोजनची श्यानता हवेच्या साधारण निम्मी आहे, म्हणून केशनलिकेतून त्याला हवेच्या निम्मा वेळ लागतो आणि सूत्रात घातल्यावर उत्तर 7 च्या आसपास येते. तुमचे छिद्र खरे छिद्र आहे की आखूड नळी झाली आहे, हे पाहण्याची सोपी कसोटी म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांची तुलना. पातळ पत्र्यातून कार्बन डायऑक्साइडला सव्वापट वेळ लागतो, तुमच्या गणितात लागला आहे तसाच. केशनलिकेतून मात्र तो नायट्रोजनच्या आधी बाहेर पडतो, कारण जड असूनही त्याची श्यानता नायट्रोजनपेक्षा कमी आहे. जड वायू आधी बाहेर आला की पत्रा बदलावा. हिशेब तपासण्यात वेळ घालवू नये.

तुमच्या पुस्तकातले 43.8 हे उत्तर बरोबर असले तरी त्यावरून वायूचे नाव ठरत नाही. कार्बन डायऑक्साइड 44, नायट्रस ऑक्साइड 44, प्रोपेन 44. तिघांना एकाच छिद्रातून एकच वेळ लागणार. तेव्हा वायू चुन्याच्या निवळीतून सोडून ती दुधाळ होते का ते पाहावे, आणि जळती काडी जवळ नेऊन पाहावी: प्रोपेन पेट घेतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये काडी अधिक जोराने जळते. 28 च्या बाबतीतही हेच आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात केळी पिकवण्याच्या खोल्यांमध्ये सोडतात तो इथिलीन 28.05, नायट्रोजन 28.01 आणि कार्बन मोनॉक्साइडही 28.01. मिनिटभराच्या मोजणीत इथिलीन आणि नायट्रोजन यांच्यात पडणारा फरक सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी असतो, म्हणून तिथे घड्याळ बाजूला ठेवून ब्रोमीनचे पाणी घ्यावे: इथिलीन त्याचा तांबूस रंग घालवतो, बाकीचे दोघे घालवत नाहीत.